‘अनइकॉनॉमिक’ लिहिलं आणि गिऱ्हाईक विचारतं, टीन बंद करताय का?

काजूगर_डिचोली · सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, जरा लाज बाजूला ठेवून लिहितेय. डिचोलीकडच्या एका काजू कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. बिलं, डिस्पॅच, बँकेचे कागद आणि परदेशी खरेदीदारांचे मेल, सगळं माझ्याच टेबलावर. शिक्षण मराठी माध्यमातलं, पण मेलपुरतं इंग्रजी आपल्याला जमतं असं गेल्या बुधवारपर्यंत वाटत होतं.

इंग्लंडमधला एक जुना खरेदीदार आमच्याकडून डब्ल्यू ३२० काजूगर घेतो, ११.३४ किलोच्या टिनांत. मालक म्हणाले, "त्याला सांग, टिनाऐवजी व्हॅक्युम पाऊचमध्ये घे. टीन महागलेत, पाऊच त्यालाच स्वस्त पडेल." मी छान मेल लिहिला. त्यातली ही तीन वाक्यं:

"टिन पॅकिंग हॅज बिकम अनइकॉनॉमिक."
"कर्नल्स आर व्हेरी सेन्सिबल टू मॉइश्चर, सो पाऊच इज बेटर."
"हिस्टॉरिक प्राइसेस फॉर लास्ट थ्री इयर्स आर अटॅच्ड."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. टीन बंद करणार असाल तर आधी कळवायला हवं होतं, आमच्या बेकरीवाल्यांना टीनच लागतात, आता डिसेंबरचा माल दुसरीकडे बघावा लागेल. आणि खाली एक ओळ: तुमचे काजू समजूतदार आहेत हे वाचून आनंद झाला.

टीन बंद करतोय असं मी कुठे म्हटलं? मालक माझ्याकडे बघतायत, मी स्क्रीनकडे बघतेय. स्पेलचेकने एकही लाल रेघ मारली नव्हती.

---

व्याकरणवेडा · सोमवार, रात्री १०.०५

ताई, सोपा नियम आहे, आयुष्यभर विसरणार नाही. शेवटी ‘इक’ असेल तर अर्थ खास, ‘इकल’ असेल तर ‘त्या विषयासंबंधीचा’. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात गाजलेला, हिस्टॉरिकल म्हणजे इतिहासासंबंधी. तसंच इकॉनॉमिक म्हणजे स्वस्त, इकॉनॉमिकल म्हणजे अर्थव्यवस्थेसंबंधी. बसला नियम.

---

मायमराठी_पेडणे · सोमवार, रात्री १०.२०

मूळ प्रश्नच चुकीचा. मेल इंग्रजीत का? १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी सरकारी कामात मराठी वापरायची तरतूद आहे. आपण हक्काने मराठीत लिहायला हवं.

---

काजूगर_डिचोली · सोमवार, रात्री १०.२४

दादा, हक्क सगळा मान्य. पण माल लंडनला जातो हो, सचिवालयात नाही.

---

पर्वरीची_मास्तरीण · मंगळवार, सकाळी ७.१५

काल धागा वाचून झोपले, सकाळी चहाआधी लिहितेय. कंपन्यांच्या ऑफिसांत पत्रव्यवहाराचे वर्ग घेऊन मला वीस वर्षं होत आली. या तीन जोड्यांनी मला जेवढं जेवू घातलंय तेवढं बाकीच्या व्याकरणाने नाही.

आधी व्याकरणवेडा यांच्याबद्दल. हिस्टॉरिकबद्दल तुम्ही बरोबर, इकॉनॉमिकबद्दल नेमकं उलटं सांगितलंत. अर्थव्यवस्थेसंबंधी तो ‘इकॉनॉमिक’: इकॉनॉमिक सर्व्हे, इकॉनॉमिक पॉलिसी. काटकसरीचा, कमी खाणारा तो ‘इकॉनॉमिकल’. म्हणजे एका जोडीत ‘विषयासंबंधी’चा अर्थ ‘इकल’कडे गेलाय, दुसरीत ‘इक’कडे. शेपटावरून अर्थ सांगणारा नियम इथेच मोडतो. या जोड्या एकेक करूनच लक्षात ठेवाव्या लागतात, सूत्र लावलं की पाय घसरतो.

आता ताई, तुमचं ‘अनइकॉनॉमिक’. घाव इथे बसलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

व्यापारी इंग्रजीत ‘इकॉनॉमिक’ला आणखी एक अर्थ आहे, शाळेत तो कुणी शिकवत नाही. ‘परवडणारा’, म्हणजे करणाऱ्याला त्यातून पैसा सुटतो असा. एखादा मार्ग इकॉनॉमिक आहे म्हणजे त्यावर बस चालवून चार पैसे उरतात. ‘अनइकॉनॉमिक’ म्हणजे उरत नाहीत, धंदा तोट्यात. ब्रिटिश माणूस "धिस लाइन इज अनइकॉनॉमिक" वाचतो तेव्हा पुढचं वाक्य स्वतःच मनात पुरं करतो: "म्हणून आम्ही ती बंद करतोय." तुम्ही टीन बंद करण्याचा शब्दही काढला नाहीत, पण बंद करण्याआधी लोक जे वाक्य लिहितात नेमकं तेच लिहिलंत.

आणि कुणाला परवडत नाही हे तुम्ही सांगितलंच नाही. मालकांच्या डोक्यात खरेदीदाराचा खर्च होता. वाक्यात कुणाचंच नाव नाही, मग वाचणारा साहजिकच लिहिणाऱ्याला धरतो. विकणारा म्हणतोय परवडत नाही, म्हणजे विकणाऱ्याला परवडत नाही.

तुम्हाला म्हणायचं होतं की टिनात पैसा वाया जातो, पाऊच काटकसरीचा. म्हणजे पाऊच ‘मोअर इकॉनॉमिकल’ आणि हवंच असेल तर टीन ‘अनइकॉनॉमिकल’. शेवटच्या दोन अक्षरांनी दिशा बदलते. एकात धंदा बुडतोय, दुसऱ्यात फक्त उधळपट्टी आहे.

एवढं मात्र मान्य करते की ही भिंत पक्की नाही. इंग्रजीतही लोक ‘इकॉनॉमिक’ स्वस्तच्या अर्थाने सर्रास लिहितात आणि काही कोशांनी तो अर्थ नोंदवलाही आहे. पण समोरचा कुठला अर्थ घेईल हे आपल्या हातात नाही, म्हणून जिथे ऑर्डर अडकलेली आहे तिथे मी दोन्ही शब्द टाळते आणि आकडा लिहिते.

---

मांडवीचो_तारी · मंगळवार, सकाळी ८.५०

बाई, तुम्ही आमची कथाच सांगितलीत. आमची एक बार्ज होती, खाणीवरच्या धक्क्यावरून मुरगाव बंदरात खनिज नेणारी. जुनं इंजिन बदलून नवं घातलं. डिझेल खरंच कमी लागू लागलं. इंजिनवाल्याच्या कागदावर मोठ्या अक्षरांत ‘इकॉनॉमिकल’ आणि तो खोटं बोलला नव्हता.

मग २०१८ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द झालं, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या. बार्ज तीच, इंजिन तेच, डिझेल तेवढंच कमी पिणारं. पण नदीत माल नाही. बँकेला पत्र लिहिताना आमच्या हिशेबनिसाने लिहिलं, "द व्हेसल इज नो लाँगर इकॉनॉमिकल." बँकेचा माणूस फोनवर म्हणतो, मग इंजिन दुरुस्त करून घ्या की! अरे बाबा, इंजिनाला काय धाड भरलीय. तिथे ‘इकॉनॉमिक’ हवं होतं, हे आज सकाळी कळतंय.

खाणीवर इंजिनियर लोक मातीच्या ढिगाकडे बोट दाखवून "धिस इज नॉट इकॉनॉमिक" म्हणायचे तेसुद्धा आत्ता उमगलं. मला वाटायचं माती महाग आहे.

---

पर्वरीची_मास्तरीण · मंगळवार, सकाळी ९.०५

तारीदादा, याहून चांगलं उदाहरण मला वीस वर्षांत सापडलं नाही. वर्गात वापरलं तर चालेल ना? आणि खाणीवरचं अगदी बरोबर: त्या ढिगात लोखंड असतं, पण काढून, धुऊन, बंदरापर्यंत नेण्याचा खर्च विक्रीतून निघत नाही. उद्या दर चढला तर तोच ढीग इकॉनॉमिक होतो, दगड न बदलता.

---

मांडवीचो_तारी · मंगळवार, सकाळी ९.१२

वापरा. बँकेचं नाव तेवढं घेऊ नका.

---

सेगुंद_ग्राव · मंगळवार, दुपारी १२.३०

मी या फळीवरचा बहुधा सर्वांत म्हातारा. पोर्तुगीज शाळेत सेगुंद ग्रावापर्यंत शिकलो, मग १९६१ आलं आणि इंग्रजी नव्याने धरावी लागली. त्यामुळे काजूवाल्या बायने काजूला ‘सेन्सिबल’ म्हटलं यात मला काहीच वावगं वाटलं नाही, मीही नोकरीची पहिली काही वर्षं तेच टाइप करत होतो.

कारण असं. पोर्तुगीजमध्ये ‘सेंसीव्हेल’ म्हणजे चटकन परिणाम होणारा, हळवा, नाजूक. इंग्रजीत त्याचं भाषांतर ‘सेन्सिटिव्ह’, पण कानाला सारखा लागतो तो ‘सेन्सिबल’. शहाणा, समंजस याला त्यांचा वेगळाच शब्द, ‘सेंसातु’. फ्रेंच, स्पॅनिश लोकांचंही तेच, त्यांचा ‘सेन्सिबल’सारखा दिसणारा शब्द हळवेपणाचाच. म्हणून बाय, उद्या लिस्बन किंवा माद्रिदहून मेल आला की "आमचा बाजार फार सेन्सिबल आहे", तर बाजार शहाणा झालाय असं समजू नकोस. दर जरा वाढला की गिऱ्हाईक पळतं, एवढंच तो सांगतोय.

दुसऱ्या दोन जोड्यांतही तसंच. पोर्तुगीजचा ‘इकोनोमिकु’ अर्थव्यवस्थेलाही चालतो आणि काटकसरीलाही. ‘इस्तोरिकु’ जुन्यालाही आणि गाजलेल्यालाही. एका शब्दावर आमचं भागायचं. इंग्रजांनी दोन दोन करून ठेवले.

---

व्याकरणवेडा · मंगळवार, दुपारी १.१०

नियम मागे घेतो, पण अर्धाच. काका, मराठीतही ‘ऐतिहासिक’ एकच आहे की. ऐतिहासिक कादंबरी, ऐतिहासिक निर्णय. म्हणजे आपलं डोकंही पोर्तुगीजच.

---

थंडाई_फोंडा · मंगळवार, सायंकाळी ४.४५

सगळे ‘सेन्सिबल’ला चूक चूक म्हणून झोडपतायत म्हणून लिहितोय. माझं एसीचं काम आहे, हॉटेलं आणि गोदामं. आमच्यात सेन्सिबल हा शंभर टक्के बरोबर शब्द आहे आणि तो ‘दुरुस्त’ केल्याने माझे तीन आठवडे गेलेत.

एका हॉटेलच्या कामाचं कोटेशन मी मेलने पाठवलं. त्यात लिहिलं होतं, खोल्यांचा सेन्सिबल लोड इतका, लेटंट लोड इतका. हॉटेलच्या ऑफिसात कुणीतरी हुशार निघालं. त्यांना वाटलं एसीवाल्याचं इंग्रजी कच्चं. कागद सल्लागाराकडे पाठवण्याआधी त्यांनी सगळीकडे ‘सेन्सिबल’चं ‘सेन्सिटिव्ह’ करून टाकलं. सल्लागाराने वाचलं ‘सेन्सिटिव्ह लोड’. त्यांच्या भाषेत तो संगणक, सर्व्हर असली नाजूक उपकरणं. त्यांनी विचारलं, खोल्यांत कुठली उपकरणं ठेवताय, त्यांचा वीजपुरवठा वेगळा दाखवा. मी म्हणतोय कसली उपकरणं? पलंग आहे, टीव्ही आहे.

आमचा सेन्सिबल म्हणजे काय ते सांगतो, कारण गोव्यात हे सगळ्यांना भोगावं लागतं. एसी दोन कामं करतो. एक, हवेचं तापमान उतरवतो, ते थर्मामीटरवर दिसतं, अंगाला जाणवतं. ती सेन्सिबल उष्णता, जाणवणारी. दुसरं, हवेतली वाफ पकडून पाणी करून पाइपातून बाहेर टाकतो. ते करायला यंत्राची ताकद खर्च होते, पण थर्मामीटर हलत नाही. ती लेटंट, लपलेली. समजा यंत्राची एकूण ताकद ७ किलोवॅट, त्यातले ५ तापमान उतरवण्यात जातात आणि २ पाणी काढण्यात. या वाटणीवरच आमचं सगळं गणित.

जुलैमध्ये किनाऱ्यावरच्या खोलीत बाहेर फार ऊन नसतं, पण हवा ओलीचिंब. खोली मोठं यंत्र लावून पाच मिनिटांत थंड होते, कॉम्प्रेसर थांबतो, पाणी निघायचं राहून जातं. मग पाहुणा तक्रार करतो की खोली गार आहे पण चादर ओलसर लागते. सेन्सिबल भागलं, लेटंट राहिलं. आता सांगा, इथे ‘सेन्सिटिव्ह’ लिहून काय कळणार?

---

काजूगर_डिचोली · मंगळवार, सायंकाळी ५.२०

दादा, आमच्या पॅकिंगच्या खोलीत हेच होतं! गार वाटतं आणि काजू मऊ पडतो. म्हणजे तुमचा लेटंट. हे मालकांना दाखवते.

पण मग माझ्या वाक्यात काय? काजूला ओलावा ‘जाणवतो’ म्हणून सेन्सिबल चालेल का?

---

पर्वरीची_मास्तरीण · मंगळवार, सायंकाळी ६.००

नाही चालणार, ताई. थंडाईंचा सेन्सिबल म्हणजे ‘जो जाणवतो तो’. उष्णता सेन्सिबल, कारण ती आपल्याला कळते. तुमच्या काजूवर ओलाव्याचा परिणाम होतो, काजू इथे सोसणारा आहे. सोसणाऱ्याला सेन्सिटिव्ह. "कर्नल्स आर सेन्सिटिव्ह टू मॉइश्चर" एवढंच लिहा. त्या ‘व्हेरी’चीही गरज नाही. ओलावा ५ टक्क्यांच्या आत ठेवतो असं लिहिलंत तर खरेदीदाराला जास्त कळेल.

थंडाईंचा शब्द जुन्या अर्थाचा आहे. इंग्रजीत सेन्सिबलचा मूळ अर्थ इंद्रियांना कळणारा. रोजच्या बोलण्यात तो शहाणपणाकडे सरकला, विज्ञानाच्या कप्प्यात तसाच राहून गेला. म्हणून मी वर्गात एक सांगते: दुसऱ्याच्या धंद्याच्या कागदातला शब्द विचारल्याशिवाय दुरुस्त करायचा नाही. स्टोअरवाल्यांचा ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’ असाच. माल मागवण्याचा खर्च आणि साठवण्याचा खर्च मिळून सर्वांत कमी येतो ती संख्या. तिथे ‘इकॉनॉमिकल’ करायला जाऊ नका, तो ठरलेला शब्द आहे.

सेन्सिबलची आणखी एक गंमत राहिली. उधारी थकली की आपण मराठीत म्हणतो, "जरा समजून घ्या." त्याचं इंग्रजी करून लोक लिहितात, "प्लीज बी सेन्सिबल." समोरच्याला ते "जरा शहाण्यासारखं वागा" असं ऐकू येतं. पैसे मागताना गिऱ्हाइकाला अक्कल शिकवल्यासारखं होतं. असा मेल मी स्वतः पाहिलाय. पैसे आले, पण त्यानंतर एकही ऑर्डर आली नाही.

---

फोंतेन्यासची_गल्ली · मंगळवार, रात्री ८.३५

माझा प्रश्न तिसऱ्या जोडीचा. पणजीत फोंतेन्यासमध्ये आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे, चार खोल्या पाहुण्यांना देतो. बुकिंगच्या मेलमध्ये मी "हिस्टॉरिकल हाउस" लिहीत आले. एक पाहुणी म्हणाली, हिस्टॉरिक हवं. पण आमच्या घरात काहीच घडलेलं नाही! कुणी सही केली नाही, कुणी लपलं नाही. उगाच गाजलेलं कसं म्हणू?

---

पर्वरीची_मास्तरीण · मंगळवार, रात्री ९.१०

तुमचा प्रामाणिकपणा आवडला, पण पाहुणी बरोबर आहे. इमारत, गल्ली, वस्ती जुनी असून तिचं जुनेपण मोलाचं असेल तर इंग्रजीत हिस्टॉरिकच म्हणतात: हिस्टॉरिक हाउस, हिस्टॉरिक क्वार्टर. आत लढाई झालेली असावी लागत नाही. हिस्टॉरिकल हाउस वाचून, पूर्वी कधीतरी असलेलं आणि आता अभ्यासाचा विषय झालेलं घर असा भास होतो.

फरक पाहायचा तर १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल घ्या. तो दिवस हिस्टॉरिक, गोव्याचं पुढचं सगळं त्या दिवसावर ठरलं. त्या वेळचे कागद, आकडे, फोटो, पुराभिलेखात जाऊन आपण चाळतो ते हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स. एखादा कागद अगदी मामुली असेल, कुणा कारकुनाने लिहिलेली टाचणांची यादी, तरी तो हिस्टॉरिकलच. आमच्या पर्वरीत झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च आहे. संशोधन इतिहासाबद्दलचं, म्हणून हिस्टॉरिकल. हिस्टॉरिक रिसर्च म्हटलं असतं तर संशोधनानेच इतिहास घडवला असं झालं असतं.

काजूगरताईंचे तीन वर्षांचे दर म्हणजे हिस्टॉरिकल प्राइसेस. ‘हिस्टॉरिक प्राइस’ वाचून माणूस विचारतो, विक्रमी चढा की विक्रमी उतरलेला?

---

ताळेबंद_मडगाव · मंगळवार, रात्री ९.४०

इथे थोडं अडतंय. हिशेबाच्या मानकांत ‘हिस्टॉरिकल कॉस्ट’ आहे, ते ठीक. पण लंडनच्या ज्या फर्मसाठी मी काम करतो त्यांचे लोक मेलमध्ये बिनधास्त ‘हिस्टॉरिक कॉस्ट’, ‘हिस्टॉरिक डेटा’ लिहितात. इंग्रज स्वतःच लिहितो तर चूक कसली?

---

पर्वरीची_मास्तरीण · मंगळवार, रात्री ९.५५

खरंय, ब्रिटिश ऑफिसांत ते चालतं आणि मी त्याला सरळ चूक म्हणणार नाही. मी स्वतः हिस्टॉरिकल लिहिते, कारण त्यावर कुणी बोट ठेवत नाही.

---

ताळेबंद_मडगाव · मंगळवार, रात्री १०.००

हे उत्तर वकिलाचं झालं, मास्तरणीचं नाही.

---

सेगुंद_ग्राव · बुधवार, सकाळी ६.४०

आणखी एक सांगायचं राहिलं. आमच्या एका साहेबाने इंग्लंडला लिहिलं होतं की आम्ही माहिती देताना इकॉनॉमिकल राहिलो, म्हणजे थोडक्यात लिहिलं. तिकडून फारच थंड उत्तर आलं. तेव्हा कारण कळलं नाही.

---

पर्वरीची_मास्तरीण · बुधवार, सकाळी ७.२०

काका, ते पत्र १९८६ नंतरचं असेल तर कारण सापडलं. त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका खटल्यात ब्रिटनचे कॅबिनेट सेक्रेटरी रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्षीत म्हणाले की आपण सत्याच्या बाबतीत इकॉनॉमिकल होतो. तेव्हापासून तो शब्दप्रयोग ‘खरं लपवलं’ याचं सभ्य नाव होऊन बसला. माहितीपुढे इकॉनॉमिकल लावू नका. थोडक्यात लिहिलं असेल तर ‘ब्रीफ’ म्हणा.

---

सेगुंद_ग्राव · बुधवार, सकाळी ७.४५

नव्वदच्या आसपासचं होतं. म्हणजे आम्ही पस्तीस वर्षं त्या इंग्रजाला उर्मट म्हणत आलो.

---

काजूगर_डिचोली · बुधवार, दुपारी ३.१५

काल रात्री मालकांबरोबर बसून नवा मेल केला. मास्तरीणबाईंचं ऐकून विशेषणं काढली आणि आकडे टाकले. खरे दर इथे देत नाही, पण हिशेब कसा मांडला ते सांगते, कुणाला उपयोगी पडेल.

समजा रिकामा टीन, झाकण लावणं, वरचं खोकं धरून टिनामागे ११५ रुपये. आत ११.३४ किलो, म्हणजे किलोला दहाच्या थोडं वर. पाऊचमध्ये तेवढ्याच वजनाच्या दोन पिशव्या एका कार्टनात बसतात, २२.६८ किलो. समजा दोन पिशव्या आणि कार्टन मिळून ९० रुपये, म्हणजे किलोला चार. फरक सहा रुपयांचा. वीस फुटी कंटेनरला साधारण ७०० कार्टन, १५,८७६ किलो. एका कंटेनरला ९५ हजारांचा फरक. एवढं टेबल करून दिलं आणि वर लिहिलं: टीन चालूच राहतील. पाऊच घेतलेत तर ही बचत तुमच्या दरात देऊ. काजू मॉइश्चरला सेन्सिटिव्ह आहे, दोन्ही पॅकिंगमध्ये हवा काढून कार्बन डायऑक्साइड भरतो. मागच्या तीन वर्षांचे दर जोडले आहेत. हिस्टॉरिक, हिस्टॉरिकल काहीच लिहिलं नाही, ताळेबंद आणि मास्तरीणबाई यांचं मिटेपर्यंत.

---

व्याकरणवेडा · बुधवार, दुपारी ३.३०

मग ‘इकॉनॉमिकल’ कुठे टाकलंत?

---

काजूगर_डिचोली · बुधवार, दुपारी ३.३४

कुठेच नाही. हात लावायला भीती वाटते आता.

---

मांडवीचो_तारी · बुधवार, दुपारी ४.०२

किलोमागे सहा रुपये हे वाचून मलासुद्धा कळलं, आणि मला काजूतलं फक्त हुर्राक कळतं.

---

फोंतेन्यासची_गल्ली · बुधवार, सायंकाळी ७.१०

मी पाटी बदलली, "हिस्टॉरिक हाउस". पण रंगाऱ्याने विचारलं, आधी ‘अ’ लिहू की ‘अॅन’? एक शिक्षक शेजारी म्हणतात अॅन हिस्टॉरिक. कुणाला माहीत आहे? तो ब्रश घेऊन उभा आहे.

---

पर्वरीची_मास्तरीण · बुधवार, सायंकाळी ७.१८

‘अ’ लिहा. आपण ‘ह’ म्हणतो ना तोंडाने. अॅन म्हणणारेही आहेत, शेजाऱ्यांशी भांडू नका.

---

काजूगर_डिचोली · गुरुवार, सकाळी १०.५०

उत्तर आलं! टीन तीनशे कार्टन, उरलेले पाऊच. डिसेंबरचा माल आमच्याकडेच. शेवटी विचारलंय, डब्ल्यू २४० पाऊचमध्ये मिळेल का आणि "इज द प्राइस सेन्सिबल?"

मास्तरीणबाई, हा दर वाजवी आहे का असं विचारतोय, की परत चेष्टा करतोय?